चूल पेटण्यापूर्वी

मुलाखतीत सरांनी मला संकर, निवड आणि वांग्यातल्या कडवटपणाची आनुवंशिकता यांवर बरेच प्रश्न विचारले. त्यांतले बहुतेक मी आता विसरले आहे. शेवटचा प्रश्न मात्र विसरणे शक्य नाही. माझी कागदपत्रे फाइलमध्ये परत ठेवत त्यांनी विचारले, "जेवणात काय चालत न्हाई?"

नोकरी हवी असलेली कोणतीही मुलगी जे म्हणेल तेच मी म्हणाले, "मला काहीही चालतं, सर."

"काहीही?"

"हो."

"घोरपड?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"मटण?"

"नाही, मी शाकाहारी आहे."

"अंडं?"

"तेही नाही."

"मंग काहीही कसं काय चाललं, मॅडम? दोन सवालांत तुमचं उत्तर उलटं झालं. शेतात असं निरीक्षण लिहिताल तर मी कशावर भरवसा ठेवू?"

नोकरी गेली असे मला वाटले होते. पण ती मिळाली. पुढे कधीतरी त्यांनी सांगितले की बाकीच्या सगळ्या उमेदवारांनीही ‘काहीही चालते’ असेच म्हटले होते, आणि त्यांपैकी एकाने घोरपडीलाही मान हलवली होती.

नवीन जालन्यात रेल्वे स्टेशनपासून थोड्या अंतरावर आमच्या बियाणे कंपनीचे कार्यालय होते, आणि शहराबाहेर प्रक्षेत्र, म्हणजे चाचण्यांचे शेत. सर तिथल्या वांगी विभागाचे प्रमुख होते. हसनाबादकडच्या शेतकरी घरातले, काळेसावळे, उंच, किंचित वाकलेले. बारा महिने लांब बाह्यांचा पांढरा सदरा. त्याच्या खिशात पेनाच्या जागी परागीकरणाचा बारीक चिमटा. दुपारी कळ्यांतले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फुलांवर दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, हे काम त्यांनी उभ्या आयुष्यात किती वेळा केले असेल याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. मराठवाड्यातल्या कितीतरी शिवारांत त्यांनी निवडलेले काटेरी वांगे उभे होते. आणि हा माणूस वांगे खात नव्हता.

ही गोष्ट ते लपवत नसत. उलट, माणूस आपले नाव सांगतो त्याआधी ते ही गोष्ट सांगत. कोणत्याही नव्या घरी गेलो की उंबऱ्याबाहेरच थांबत, पायातले बूट काढण्यापूर्वी आतल्या दिशेने आवाज देत:

"राम राम वहिनी! मी वांगं खात न्हाई, दारू पित न्हाई. भाकर कोणतीबी द्या, वरण द्या, ठेचा आसंल तर लईच बराबर. आता पाणी द्या."

पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मला इतका संकोच वाटला की मी जीपचा दरवाजा नीट लागला आहे का, हे पाहण्यासाठी परत गेले. अजून कोणी जेवायला बोलावलेही नव्हते! पण घरातून एका बाईचे मोकळे हसू ऐकू आले आणि पाठोपाठ प्रश्न आला, "मंग शेपू चालंल का?" सर म्हणाले, "शेपूला कोण नको म्हणतंय!" दोन मिनिटांत त्या घराची आणि आमची ओळख झाली. बियाण्याचा विषय निघायच्या आतच.

परतीच्या वाटेवर मी त्यांना विचारले की हे जरा उद्धट वाटत नाही का.

"मॅडम, चूल पेटायच्या आधी सांगितलं तर ती माहिती आसती. ताट वाढल्यावर सांगितलं तर ती तक्रार आसती. शब्द तेच. उद्धट कोणतं, ते तुमी ठरवा."

ते बोलायचे ते असे. मला विज्ञानाने जे शिकवले होते, त्याच्या हे फार जवळचे होते.

हळूहळू मला त्यांची पद्धत उलगडत गेली. तिचे काही भाग त्यांनी सांगितले, काही मी पाहून जमवले. सांगायचे ते स्वयंपाक करणाऱ्या माणसाला, बाजेवर बसलेल्या यजमानाला नव्हे. यजमान ‘हो हो’ म्हणतो, पण तो निरोप ओसरीवरून चुलीपर्यंत पोहोचता पोहोचता एक तर हरवतो, नाही तर बदलतो. ‘तेल कमी’ म्हटलेले आत ‘पाहुणे आजारी हायेत’ असे जाऊन पोहोचते. ‘नाही’च्या पाठोपाठ ‘हो’ सांगायचे. काय खात नाही एवढेच ऐकून स्वयंपाकिणीपुढे नुसते कोडे उभे राहते. काय खातो हे ऐकले की तिच्या हाताला काम मिळते. कारण विचारले तरच द्यायचे, तेही एका वाक्यात. लांबलचक कारण दिले की समोरचा त्यात फट शोधतो. आणि दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडायचे नाही. बाजूच्या पंगतीत मटण असेल तर त्याच्या रश्श्याच्या रंगाची ते मनापासून चौकशी करीत. ते स्वतः मटण खात, ही गोष्ट वेगळी; पण माझ्यासाठी त्यांचे सांगणे तेच होते. "तुमचं ‘न्हाई’ हे तुमच्या ताटापुरतं, मॅडम. त्याचं किर्तन करायचं न्हाई."

हे सगळे ऐकूनही मी पहिल्याच हंगामात चुकले, आणि चुकले ती आपल्याकडे सगळेच चुकतात तशी. भोकरदन तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडे बियाणे उत्पादनाचा प्लॉट द्यायचा होता. सर त्या दिवशी शेताच्या दुसऱ्या टोकाला होते. शेतकरी म्हणाला, "मॅडम, पहिल्यांदाच आलात, कोंबडा कापतो." दिवस गुरुवार होता. माझ्या तोंडून सहज निघून गेले, "नको, आज माझा वार आहे."

किती सोयीचे वाक्य! त्यात नकार नाही, मतभेद नाही, वरून थोडी भक्तीही आहे. शेतकऱ्याने हात जोडले, साधे वरण-भात-भाकरीचे जेवण दिले आणि निघताना आनंदाने म्हणाला, "मंग रविवारी या. रविवार तर चालतो न्हवं?"

जीपमध्ये मी घडलेला प्रकार सांगितला. सरांनी चालकाला जीप बाजूला घ्यायला सांगितली.

"तुमी त्याला न्हाई म्हणलाच न्हाईत. तुमी त्याला तारीख दिली."

"मी रविवारी काहीतरी कारण सांगेन."

"मंग तो बुधवारचं म्हणंल. सात वारांची कारणं हायेत तुमच्याजवळ? फोन करा."

"घरी पोचल्यावर करते."

"आता करा. कोंबडा फिरून राह्यला तोवर ही बातचीत हाय. एकदा का तो भगुन्यात गेला, की मंग भांडण."

मी फोन लावला. शेतकऱ्याने उचलला. सर खुणेने म्हणाले, ‘बाईंना द्या.’ फोन आत गेला. मी त्यांना सांगितले की मी कोणत्याच वारी मांस आणि अंडी खात नाही, गुरुवारचे मी उगीच म्हणाले, आणि आज त्यांनी केलेले वरण मला फार आवडले होते. मग त्या म्हणाल्या, "आवं मंग आमचीबी सुटका झाली की. ह्यांनी कोंबड्याचं नाव काढलं आन् पोरं सकाळपासून रडून राह्यलीत. त्याचं नाव ठिवलंय त्यांनी." रविवारी आम्ही गेलो तेव्हा पिठले होते, आणि तो कोंबडा ऐटीत अंगणभर हिंडत होता. सर त्याच्याकडे बघून म्हणाले, "ह्यो तुमचा पहिला यशस्वी प्रयोग."

विक्रेत्यांच्या वार्षिक जेवणाचीही आठवण आहे. हॉटेलमधला मोठा हॉल, गोल टेबले, आणि सगळीकडे पुरुष. मी आमच्या विभागाच्या नव्या वाणाची माहिती देणार होते. महिनाभर तयारी केली होती. माझे भाषण चांगले झाले असावे, कारण त्यानंतर एक बडे व्यापारी स्वतः पेला घेऊन आमच्या टेबलाशी आले. "सर, आज तो बनता है. मॅडमके नाम एक हो जाए."

"मी पित न्हाई. लिंबूसोडा घेतो, मीठ टाकून. तुमच्याकडं यंदा मिरचीचं कसं हाय? फूल गळून राह्यलं म्हणत होते?"

चारही वाक्ये एका दमात. व्यापाऱ्याचा पेला हवेतच राहिला आणि तोंड मिरचीच्या फुलगळीवर सुरू झाले. मधे एकदा त्यांनी क्षीण प्रयत्न केला, "अरे सर, एक पेग से क्या होता है," तेव्हा सरांनी आपला सोड्याचा ग्लास त्यांच्या पेल्यावर हळूच टेकवला आणि विचारले, "फवारणी किती झाल्या?"

नंतर मला म्हणाले, "न्हाई म्हणून गप्प बसलं की ते न्हाई मधोमध उभं ऱ्हातं, आन् सगळे त्याच्याचकडं बघत बसतात. त्याच्या मागोमाग एक सवाल सोडायचा. माणसाला त्याच्या कामाचं इचारलं की तो तुमचा पेला विसरतो." त्या रात्रीपासून आजतागायत परिषदांमध्ये, परदेशी पाहुण्यांबरोबर, वरिष्ठांच्या मेजवान्यांत मी हेच करत आले आहे. माझ्या क्षेत्रातल्या लोकांविषयी मला जे काही ठाऊक आहे, त्यातले पुष्कळसे मी पेला नाकारल्यानंतरच्या मिनिटात मिळवलेले आहे.

वांग्यांची चव पाहण्याचे काम आम्हा कनिष्ठांकडे असे. प्रत्येक वाणाचे वांगे नुसत्या मिठात शिजवून ओळीने बश्यांत ठेवलेले. आम्ही चाखून आकडे लिहायचो आणि सर समोर खुर्ची टाकून आमच्या चेहऱ्यांकडे टक लावून पाहायचे. "आकडा सभ्यपणा करतो, मॅडम. भुवई करत न्हाई." माझ्या भुवईवरून त्यांनी एक वाण बाद केला होता. मी त्याला चांगले गुण दिले होते, कारण तो त्यांचा आवडता होता.

असा हा माणूस. म्हणूनच सरांच्या सासुरवाडीचा, तीर्थपुरीचा प्रकार मला कळला तेव्हा माझा विश्वास बसेना.

तो कळला तो काकूंकडून, म्हणजे सरांच्या पत्नीकडून. दिवाळीनंतर सर दोन दिवस कामावर आले नाहीत. मी घरी गेले तर ते पलंगावर बसून होते. ओठ सुजलेले, आवाज घोगरा. काकू मला आत घेऊन गेल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "माहेरी गेल्तो. पुन्हा वांगं खाऊन आले."

सर वांगे खात नसत ते आवडीनिवडीमुळे नव्हे. लहानपणापासून वांगे खाल्ले की त्यांच्या ओठांना मुंग्या येत, घसा खाजे. वय वाढले तशी प्रतिक्रियाही वाढत गेली होती. या वेळी घशात सूज आली, श्वासाला घरघर लागली, आणि दवाखान्यात इंजेक्शन द्यावे लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की आता एक फोडही नको. पुढच्या वेळी श्वासनलिका बंद होईपर्यंत दवाखाना गाठता येईलच असे नाही. शरीराची ही यंत्रणा मला पुस्तकातून ठाऊक होती. हे टाळण्याचा उपाय एका वाक्याचा आहे हेही ठाऊक होते. कारण ते वाक्य मी त्यांच्याच तोंडून शेकडो उंबऱ्यांवर ऐकले होते.

"मग तुमच्या आईला सांगत का नाहीत?" मी विचारले.

काकूंनी कपाळाला हात लावला. "लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेले तवा नोकरीला नुकतेच लागल्ते. आईला कोणीतरी सांगितलं, जावाई वांग्याचे साहेब हायेत. तिनं हौसेनं भरली वांगी केली. सगळा गाव बघायला. वांग्याच्या साहेबानं वांगं खात न्हाई कसं म्हणावं? खाल्लं. वरून ‘मामी, अजून वाढा’ म्हणले. झालं. तवापासून दर सणाला वांगं. ह्यांनी दिलेल्या बियाचीच झाडं लावलीत तिनं परसात."

"तुम्ही सांगायचं."

"मला बोलू देत न्हाईत. म्हणतात, निरोपानं सांगितलेलं बराबर पोचत न्हाई, मी सांगीन. तीसेक वर्सं झाली, सांगूनच राह्यलेत."

मी बाहेर येऊन सरांसमोर बसले. मला राग आला होता, आणि राग आला की मी मुद्द्यांनी बोलते. मी त्यांची सगळी पद्धत त्यांनाच म्हणून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"बराबर हाय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पण ती पहिल्या जेवणाची तरकीब हाय, मॅडम. पहिल्या जेवणाला माणूस कोरा आसतो. तीस वर्सांनी सांगायचं म्हंजे म्हातारीनं केलेली तीस वर्सं खोटी ठरवायची. तिच्याजवळ मला द्यायला दुसरं हाय काय?"

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

ते उशीखालून गोळ्यांची पट्टी काढून तिच्याकडे नुसते पाहत राहिले.

त्या हिवाळ्यात ते तीर्थपुरीला गेले नाहीत. कामाची कारणे सांगितली. संक्रांत टळली, अक्षय्य तृतीया टळली. पण पावसाळ्यात अधिक महिना आला, आणि अधिक महिन्यात जावई सासरी गेला नाही असे होत नाही. मामींचा, म्हणजे सासूबाईंचा, निरोप आला: धोंडे करते, दोघे या. काकू दोन दिवस आधीच माहेरी गेल्या. सर आदल्या सायंकाळी प्रक्षेत्रावर कळ्या तपासता तपासता मला म्हणाले, "उद्या तीर्थपुरीकडचा प्लॉट बघायचा हाय. तुमीबी चला. मी पळून जाऊ नये म्हणून."

सकाळी लवकर निघालो. प्लॉटवर ते नेहमीसारखेच होते. रोपांवर वाकून, चिमट्याने पाकळ्या सारत, मजुरांची थट्टा करत. पण गाव जवळ आले तसे त्यांचे बोलणे थांबले. साधे, पत्र्याचे घर. पुढे सारवलेले अंगण, शेजारी परस. परसात काटेरी वांग्याची झाडे, फळांनी लगडलेली. मी व्यवसायाच्या सवयीने म्हणाले, "फळधारणा उत्तम आहे." सर म्हणाले, "म्हणूनच तर."

मामी दारात आल्या. बारीक, काटक, नऊवारीतल्या, पदर डोक्यावर. "या जावाईबापू! ह्या कोण? तुमच्या हाफिसातल्या? या बाई, या."

सर उंबऱ्याबाहेर थांबले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"राम राम मामी," ते म्हणाले. "पाऊस कसा हाय इकडं?"

आणि बूट काढून आत जाऊन बसले.

मी त्यांना इतक्या उंबऱ्यांवर पाहिले होते; त्यांना कोणाच्या घरी हरलेले कधी पाहिले नव्हते. पाणी आले. मामी कौतुकाने परात घेऊन आल्या. मिठाच्या पाण्यात चिरा दिलेली वांगी, शेजारी वाटीत दाण्याचा कूट, तीळ, खोबरे कुटून केलेला मसाला. "तुमच्याच बियाची. आता फक्त भरायची अन् शिजाया टाकायची." सरांनी एक वांगे उचलून उजेडात धरले आणि म्हणाले, "देठ चांगला काटेरी हाय." काकू दाराआड उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मामी परात घेऊन आत गेल्या आणि काडीपेटीचा आवाज आला.

निरोपाने सांगितलेले नीट पोहोचत नाही, हा त्यांचा नियम मला मोडायचा नव्हता. पण स्वयंपाक करणारीला बाहेर बोलावण्याला त्यांच्या नियमात बंदी नव्हती, आणि स्त्री असल्यामुळे मला चुलीपर्यंत जाता येत होते. सर कोणत्याच घरात तिथवर जाऊ शकत नसत. मी आत गेले आणि म्हणाले, "आजी, चूल जरा थांबवा. सरांना तुमच्याशी बोलायचं आहे. ते बोलल्याशिवाय पेटवू नका."

त्या हातात काडी तशीच धरून बाहेर आल्या. "काय झालं?"

सर उठून उभे राहिले. पांढरा सदरा, खिशात चिमटा, एखाद्या विद्यार्थ्यासारखे. एवढ्या घोटलेल्या पद्धतीतले त्यांना काहीही आठवले नाही.

"मामी, ते वांगं... मला सोसत न्हाई. म्हंजे तुमचं न्हाई, कोणाचंच न्हाई. घसा सुजतो. डॉक्टर म्हणला, आता खाल्लं तर जिवाला..."

मामी दोन पावले पुढे आल्या.

"कधीपासून?"

"ल्हान होतो तवापासून."

"म्हंजे लग्नाच्या आधीपासून?"

"हौ."

"मंग पहिल्या दिवशी ‘अजून वाढा’ कोण म्हणलं होतं?"

"मीच."

"मी न्हाई न्हाई म्हणत व्हते, साहेबाला त्रास नको, तरी तिसरं वांगं कोणी मागून घेतलं?"

"मीच, मामी."

त्या काकूंकडे वळल्या. "तुला ठाऊक व्हतं?" काकूंनी मान खाली घातली.

मग मामी चिडल्या. मोठ्याने नव्हे. काडी खाली टाकून त्या भिंतीशी टेकून बसल्या आणि एकेक शब्द तोडत बोलल्या. "म्हंजे इतकी वर्सं मी तुम्हाला बोलवून बोलवून इख वाढलं. एखाद्या दिवाळीला इथंच काही झालं आसतं, तर माझ्या पोरीचं कुंकू मी माझ्याच हातानं पुसलं आसतं. आन् मला मरेस्तोर कळलंबी नसतं का पुसलं. हे चांगलं वाटलं तुम्हाला? ह्याला तुमी माझा मान ठिवणं म्हणता?"

सरांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिले ते त्यानंतर कधी पाहिले नाही. मोठ्या काळजीने मांडलेल्या हिशेबात मूळ गृहीतच चुकले होते हे कळल्यावर माणूस असाच दिसत असावा. इतकी वर्षे ते समजत होते की जोखीम एकट्याची आपली आहे, आणि म्हातारीला आपण वाचवतो आहोत.

"चुकलं, मामी," ते म्हणाले. "हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

परसात एक कोंबडी ओरडत होती. शेवटी मामी उठल्या, परात उचलून काकूंच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "शेजारी दिऊन ये. अन् हात घासून धू." मग सरांपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"आता सांगा. जावाई म्हणून न्हाई, खरं सांगा. काय खाता तुमी?"

मला वाटले, ते नेहमीप्रमाणे भाकर, वरण, ठेचा म्हणतील. त्यांनी आधी चुलीच्या दिशेने पाहिले. मग, अगदी लहान आवाजात, "आंबाडी."

"काय?"

"आंबाडीची भाजी. कण्या घालून. पावसाळ्यात कधीबी आलो की तुमच्या चुलीवर आंबाडी आसती, मामी. तुम्ही सगळे आत बसून खाता. मला भाईर ताट, पाट, अन् वांगं. लसणाच्या फोडणीचा वास येतो. दर वेळेला येतो."

"अवं, आंबाडी काय जावायाला वाढत्यात? गरिबाघरची भाजी. आमी आपली आमच्यापुरती करतो. लोक काय म्हणतील, धोंड्याच्या महिन्यात जावायाच्या ताटात आंबाडी?"

"लोकांना वांगं द्या की," सर म्हणाले.

काकू परत येत होत्या. त्यांनी हे ऐकले आणि उंबऱ्यातच मटकन बसून, तोंडाला पदर लावून हसू लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आले, आणि ते पाणी हसण्याचेच होते की नाही हे मला सांगता येणार नाही.

आंबाडी बांधावर होती. मामींबरोबर मी ती खुडायला गेले. कोवळी पाने, लालसर देठ. पाने उकळून आंबट पाणी काढून टाकायचे, तुरीच्या डाळीत आणि ज्वारीच्या कण्यांत ती घोटायची, वरून तेलात तडतडलेला लसूण ओतायचा. पूर्ण वेळ मामी पुटपुटत होत्या, "तीस वर्सं. आन् मला वाटायचं, जावाई किती चवीनं खातो."

सर आता निवृत्त आहेत. मी जालना सोडले, दुसऱ्या शहरात माझा स्वतंत्र विभाग आहे, आणि त्याच्या यशाची मला लाज वाटत नाही. तरीही कामाच्या गर्दीत कधी अचानक मन मागे धावते ते कोणत्या पुरस्काराकडे किंवा यशस्वी वाणाकडे नाही. ते त्या पत्र्याच्या घरातल्या दुपारकडे धावते. बाहेर पाऊस भुरभुरत होता. त्या दिवशी पाट मांडला नाही. आम्ही सगळे आत, चुलीजवळ, एकाच ओळीत बसलो. सर भिंतीकडेला, पाय दुमडून, प्रथमच त्या घराच्या आतल्या बाजूला. धोंडे होते, तूप होते. पण त्यांनी आधी भाकरी मोडली आणि आंबाडीत बुडवली. मामी समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, भुवयांकडे.

दुसऱ्यांदा वाढायला त्यांनी पळी उचलली आणि हात मधेच थांबवला.

"खरं सांगायचं हां. कशी झालीय?"

सरांनी घास संपवला.

"मीठ कमी हाय, मामी."

म्हातारीने पळी भगुन्यात आपटली. "आत्ता बरं तोंड फुटलं!" त्या ओरडल्या, आणि गुडघ्यावर हात देऊन, तरुण बाईच्या उत्साहाने, मीठ आणायला उठल्या.